कर्नलकाकांकडून चौदा फटके: गोल्फच्या हँडिकॅपचा हिशेब

नाशकात रिक्षावाल्याला 'गोल्फ क्लब' सांगितलं की तो तुम्हाला बिनदिक्कत अनंत कान्हेरे मैदानावर सोडतो. तिथे क्रिकेट चालतं, सकाळी लोक फेऱ्या मारतात; गोल्फ उरलाय तो नावात. खेळणारे मूठभर, त्यामुळे आपल्याच तोडीचा जोडीदार हवा असा हट्ट धरला तर बॅग माळ्यावरच राहील. आमच्या टोळक्यात निवृत्त कर्नलकाका आहेत, अंबडच्या कारखान्यातले दोघे-तिघे आहेत आणि माझा मेहुणा आहे, जो अजून चेंडूपेक्षा गवतच जास्त उडवतो. हे सगळे एकमेकांशी रंगतदार सामना खेळू शकतात ते हँडिकॅपमुळे, म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीमुळे. टोळक्याचा हिशेब माझ्याकडे असतो, आणि प्रत्येक नवा माणूस तेच विचारतो: "माझा आकडा काढला कसा?" मेहुण्याचंच उदाहरण घेतो. कोर्सचे आकडे हिशेबाला सोयीचे घेतलेत. तुमच्या कोर्सचे कार्डावर बघा.

एक गोष्ट आधी डोक्यातून काढा. हँडिकॅप म्हणजे तुमची सरासरी नव्हे. तुम्ही चांगल्या दिवशी काय करू शकता, त्याचं ते माप आहे. नवख्यांचा गोंधळ होतो तो नेमका इथे.

सुरुवातीला ५४ होल्सची कार्डं लागतात, म्हणजे अठरा होल्सच्या तीन फेऱ्या. कोर्सला अधिकृत रेटिंग हवं, खेळ नियमाने व्हायला हवा आणि बरोबर कुणीतरी हवं, जो कार्डावर सही करेल. एकट्याने खेळलेली फेरी, मग ती कितीही झकास होवो, मोजली जात नाही. आकडा मिळतो तो संलग्न क्लबाचं सदस्यत्व घेतल्यावर. आपल्याकडे या सगळ्याच्या वर इंडियन गोल्फ युनियन आहे. हिशेबाची पद्धत मात्र जगभर एकच, २०२० पासून लागू झालेली.

मेहुण्याने तीन कार्डं दिली: ११४, १०६ आणि १०९. पैकी ११४ च्या फेरीत पार चारच्या, म्हणजे पक्क्या खेळाडूने चार फटक्यांत संपवावा अशा एका होलवर त्याने अकरा फटके मारले होते. बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात उतरला आणि बराच वेळ वर आलाच नाही. ज्याचा आकडा अजून ठरलेला नाही त्याला एका होलवर पारपेक्षा जास्तीत जास्त पाच फटके लावतात. म्हणून अकराचे नऊ झाले आणि कार्ड ११२ वर आलं. एका बंकरने अख्खी फेरी बिघडवू नये, एवढाच त्यामागचा हेतू.

पण नुसते ११२, १०६, १०९ कामाचे नाहीत, कारण कोर्स कोर्समध्ये फरक असतो. प्रत्येक टीसाठी, म्हणजे होलचा पहिला फटका जिथून मारतात त्या जागेसाठी, दोन आकडे ठरवलेले असतात. कोर्स रेटिंग म्हणजे शून्य हँडिकॅपवाला पक्का खेळाडू तिथे साधारण किती फटक्यांत फेरी संपवेल ते. स्लोप म्हणजे तोच कोर्स आपल्यासारख्या साध्या खेळाडूला त्याच्या तुलनेत किती जड जातो ते. स्लोप ५५ ते १५५ च्या दरम्यान असतो आणि ११३ हा प्रमाण मानलेला आकडा आहे. आपल्या उदाहरणातला कोर्स पार ७२, रेटिंग ७०.६ आणि स्लोप १२० धरू. मग प्रत्येक कार्डाचा फरक असा निघतो:

फरक = (फटके − कोर्स रेटिंग) × ११३ ÷ स्लोप

१०६ च्या कार्डाला (१०६ − ७०.६) × ११३ ÷ १२०, म्हणजे ३३.३. बाकीच्या दोन कार्डांचे फरक ३६.२ आणि ३९.० येतात. तीनच कार्डं असतील तर सगळ्यात कमी फरक घ्यायचा आणि त्यातून आणखी २ वजा करायचे. मेहुण्याचा पहिला हँडिकॅप इंडेक्स आला ३१.३. "मी तर इतका चांगला कधीच खेळलो नाही," तो म्हणाला. बरोबर आहे. नवखा माणूस पुढच्या काही फेऱ्यांत झपाट्याने सुधारतो आणि तीन कार्डांवरून ते कळत नाही, म्हणून आधीच थोडं कापून ठेवतात.

कार्डं वाढतात तसा हिशेब बदलत जातो आणि वीस कार्डांवर तो स्थिर होतो. शेवटच्या वीस फेऱ्यांतले सर्वांत चांगले आठ फरक घ्यायचे आणि त्यांची सरासरी काढायची. उरलेल्या बारांकडे कोणी बघत नाही. पुढे मेहुण्याच्या आठ चांगल्या फरकांची बेरीज १९८.४ झाली, म्हणजे इंडेक्स २४.८. नवं कार्ड आलं की विसावं जुनं कार्ड बाहेर पडतं. त्यामुळे वाईट खेळूनही इंडेक्स कधीकधी तसाच राहतो आणि बरा खेळूनही वर जातो. बाहेर पडलेलं कार्ड आठांतलं होतं का, ते आधी बघा. तक्रार नंतर करा.

याचा अर्थ काय होतो? मेहुण्याने या कोर्सवर ९७ फटक्यांत फेरी संपवली तर तो आपल्या हँडिकॅपला खेळला म्हणायचं. पण ते आठ चांगल्या दिवसांचं माप असल्यामुळे रोज काही ९७ होणार नाहीत. शंभर-एकशे दोन हे त्याचं नेहमीचं घर आहे. चार-पाच फेऱ्यांत एखादी फेरी हँडिकॅपला लागली तर आकडा ठीक आहे असं समजा. दर वेळी लागत असेल तर कुठेतरी चांगली कार्डं द्यायची राहून गेलीत.

आता सामना. इंडेक्स तसाच्या तसा मैदानात नेत नाहीत. त्या दिवशीच्या टीवरून कोर्स हँडिकॅप काढतात. इंडेक्सला स्लोपने गुणायचं, ११३ ने भागायचं आणि रेटिंग व पारमधला फरक मिळवायचा. आपल्या कोर्सवर तो उणे १.४ आहे. मेहुण्याचे २४.८ होतात २४.९, म्हणजे २५. कर्नलकाकांचा इंडेक्स ११.६, त्यांचे होतात १०.९, म्हणजे ११. एकास एक मॅचप्लेमध्ये, म्हणजे होलागणिक हार-जीत मोजतात त्या सामन्यात, दोघांच्या आकड्यांतला पूर्ण फरक मिळतो, म्हणून काकांनी मेहुण्याला १४ फटके द्यायचे.

"काका, चौदा फटके देताय म्हणजे तुम्ही आधीच हरलात की!" मेहुणा खुशीत होता.

"बाळा, मोजून देतोय. खिरापत वाटत नाहीये," काका म्हणाले.

हे चौदा कुठे मिळणार ते कार्डावर छापलेलं असतं. प्रत्येक होलला १ ते १८ असा अवघडपणाचा क्रम, म्हणजे स्ट्रोक इंडेक्स असतो; १ म्हणजे सर्वांत अवघड. ज्या होल्सचा स्ट्रोक इंडेक्स १ ते १४ आहे तिथे मेहुण्याला एकेक फटका, बाकी चार होल्सवर काही नाही. पहिला होल पार चार, स्ट्रोक इंडेक्स ७. काकांचे पाच, मेहुण्याचे सहा. एक वजा करून पाच, होल बरोबरीत. दुसरा पार तीन, स्ट्रोक इंडेक्स १७, इथे फटका नाही. काकांचे तीन, त्याचे चार, होल काकांचा. तिसरा पार पाच, स्ट्रोक इंडेक्स १. दोघांचेही सहा, पण मेहुण्याचे पाच धरले जातात, होल त्याचा. चौथा पार चार, स्ट्रोक इंडेक्स ३, आणि तिथे मेहुण्याने दहा मारले. मॅचप्लेमध्ये दहा काय नि सहा काय, हरला तो एकच होल.

नवख्यांचं गाडं खरं अडतं ते या चौथ्या होलवर. सामन्यात त्याला इथे एक फटका मिळतो, कारण तिथे दोघांतला फरक मोजतात. पण हेच कार्ड हँडिकॅपसाठी जमा करताना त्याचे पूर्ण २५ मोजतात: अठराही होल्सवर एकेक, आणि उरलेले सात फटके सर्वांत अवघड सात होल्सवर. स्ट्रोक इंडेक्स ३ च्या होलवर म्हणजे दोन. आता आकडा ठरलेला असल्यामुळे एका होलची कमाल मर्यादा पार अधिक दोन अधिक त्या होलवर मिळणारे फटके, इथे आठ. म्हणून सामन्याच्या हिशेबात दहा आणि जमा होणाऱ्या कार्डावर आठ. दोन्ही बरोबर आहेत.

काका मोठ्या मनाचे. चेंडू कपाजवळ आला की "उचल" म्हणतात. उचललेल्या चेंडूचं कार्डावर काय लिहायचं? पाच फुटांच्या आत असेल तर मारलेल्या फटक्यांत एक मिळवा. त्याहून लांब पण वीस यार्डांच्या आत असेल तर जागा बघून दोन किंवा तीन. फुकट मिळालेला फटका कार्डावर फुकट राहत नाही.

ही पद्धत अगदी समसमान आहे का? माझ्या मते नाही. काकांसारख्यांकडे पारडं किंचित झुकतं. त्यांचे चांगले आणि वाईट दिवस जवळजवळ असतात, मेहुण्याचे लांब लांब. दोघांचाही आकडा चांगल्या दिवसांवरून काढला, तर साध्या दिवशी मेहुणा आपल्या आकड्यापासून जास्त दूर जातो. एकूण फटके मोजणाऱ्या मोठ्या स्ट्रोकप्ले स्पर्धेत मात्र उलटं घडतं. जास्त हँडिकॅपवाले पन्नासजण असतील तर त्यांतल्या एखाद्याचा दिवस असा लागतो की बाकीचे बघत राहतात. म्हणून तिथे कोर्स हँडिकॅपच्या ९५ टक्केच धरतात.

लबाडी करणारे सगळीकडे असतात. चांगली कार्डं दडवायची, आकडा फुगवायचा आणि बक्षिसाच्या दिवशी फटके घेऊन जिंकायचं. त्याला दोन लगाम आहेत. एखाद्या कार्डाचा फरक इंडेक्सपेक्षा ७ किंवा अधिकने कमी आला, तर इंडेक्स आपोआप एकाने उतरतो. १० किंवा अधिकने कमी आला, तर दोनने. शिवाय गेल्या वर्षभरातल्या तुमच्या नीचांकापेक्षा इंडेक्स तीनने वर गेला की पुढची वाढ निम्मीच धरतात आणि पाचच्या वर जाऊच देत नाहीत. अर्थात ही यंत्रणा जमा झालेल्या कार्डांवरच चालते. न दिलेलं कार्ड तिला दिसत नाही, ते बरोबर खेळणाऱ्यालाच दिसतं.

पावसाळ्याचं एक सांगून ठेवतो. ओलं गवत, जड चेंडू, सगळ्यांचेच फटके वाढतात. अशा दिवसासाठी पद्धतीत एक दुरुस्ती आहे, उणे १ पासून अधिक ३ पर्यंत. ती वर दिलेल्या सूत्रात रेटिंगबरोबरच वजा होते. पण त्या दिवशी त्या कोर्सवर किमान आठ पात्र कार्डं जमा झाली तरच ती लागू होण्याचा प्रश्न येतो. आम्ही चौघे भिजत खेळलो तर दुरुस्ती नाही. कार्ड जसं आहे तसंच जातं, आणि वाईट असेल तर त्या बारांत पडून राहतं.