व्हिडिओ, स्लाइड आणि पोस्टचा संदर्भ देताना लेखकाच्या जागी कोणाचे नाव लिहायचे?

विद्यार्थ्यांचे निबंध तपासताना एक नोंद मला सारखी भेटते: `(YouTube, 2021)`. ती वाचून व्हिडिओ कोणाचा होता हे कळत नाही आणि तो शोधताही येत नाही. यूट्यूब हे फक्त ठिकाण आहे. पुस्तकाच्या लेखकाच्या जागी ग्रंथालयाचे नाव लिहावे, तसे हे झाले.

पुस्तक उघडले की सुरुवातीच्या पानांवर लेखक, प्रकाशक आणि वर्ष एकाच जागी मिळते. व्हिडिओ, पॉडकास्ट किंवा पोस्टला असे पान नसते, पण माहिती असते. ती विखुरलेली असते, एवढेच. ती गोळा करताना कोणाचे, कधीचे, काय आणि कुठे या चार प्रश्नांची उत्तरे शोधायची. खाली मी अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या, म्हणजे एपीएच्या, संदर्भ देण्याच्या पद्धतीच्या सातव्या आवृत्तीचे नियम धरले आहेत. तुमच्या विभागात एमएलए किंवा दुसरी पद्धत चालत असेल, तर प्रश्न हेच राहतील, पण उत्तरांची मांडणी बदलेल. त्यामुळे कोणती पद्धत हवी, हे लिहायला बसण्याआधीच विचारून घ्या.

आधी व्हिडिओ, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो

नियम असा: व्हिडिओ ज्या खात्यावरून चढवला, ते खाते लेखकाच्या जागी येते. पडद्यावर बोलणारी व्यक्ती वेगळी असली तरीही. कारण व्यवहाराचे आहे. वाचक तो व्हिडिओ शोधायला जाईल तेव्हा त्याला त्या चॅनेलचेच नाव दिसणार असते.

स्वीडिश डॉक्टर हान्स रोझलिंग यांचे आकडेवारीवरचे 2006 सालचे टेड व्याख्यान घ्या. ते टेडच्या संकेतस्थळावर आहे आणि टेडच्या यूट्यूब चॅनेलवरही आहे. टेडच्या संकेतस्थळावर पाहिले असेल, तर वक्ताच लेखक:

```
Rosling, H. (2006, February). The best stats you've ever seen [Video].
TED Conferences. https://www.ted.com/talks/hans_rosling_the_best_stats_you_ve_ever_seen
```

तेच व्याख्यान यूट्यूबवर पाहिले असेल, तर नोंद `TED.` पासून सुरू होते. तारीखही बदलते, कारण तिथे व्याख्यानाची नव्हे, तर व्हिडिओ चढवल्याची तारीख द्यायची असते. शेवटी संकेतस्थळ म्हणून `YouTube` आणि त्या व्हिडिओची लिंक येते. म्हणजे व्याख्यान एकच असले तरी नोंदी दोन होतात. तुम्ही प्रत्यक्ष जिथे पाहिले, तीच नोंद द्या.

मग रोझलिंग यांचे श्रेय कुठे गेले? ते तुमच्या वाक्यात येते. आपल्या विद्यार्थ्यांना बालमृत्यूबद्दल विचारलेल्या प्रश्नांविषयी ते त्या व्याख्यानात बोलतात. यूट्यूबवर तो भाग समजा 1:20 पासून सुरू होतो, तर असे लिहायचे: «रोझलिंग सांगतात की विद्यार्थ्यांची उत्तरे... `(TED, 2007, 1:20)`». व्हिडिओला पान क्रमांक नसतो, त्याचे काम ही वेळ करते. उद्धृत केलेले वाक्य जिथे सुरू होते, तो क्षण द्या. तासाभराच्या चित्रफितीत ही वेळ दिली नाही, तर तुमचा दावा पडताळणे तपासणाऱ्याच्या हाताबाहेर जाते.

तारखेबाबत एक खबरदारी घ्या. यूट्यूबवर बऱ्याचदा नुसते «2 वर्षांपूर्वी» असे दिसते. त्यावरून वर्ष वजा करून लिहू नका. खालचे वर्णन उघडले की पूर्ण तारीख मिळते.

स्लाइड: वाचकाला उघडता येतील का?

इथे खरा प्रश्न हा आहे. तुमचा निबंध फक्त त्याच वर्गाचे शिक्षक वाचणार असतील आणि स्लाइड अभ्यासक्रमाच्या पोर्टलवर असतील, तर पोर्टलच्या लॉगिन पानाचा पत्ता देऊन नेहमीसारखी नोंद करा:

```
आडनाव, आद्याक्षर. (वर्ष, महिना दिवस). शीर्षक [PowerPoint slides]. पोर्टलचे नाव. लॉगिन पानाचा पत्ता
```

मजकुरात पान क्रमांकाऐवजी `Slide 14` असा स्लाइडचा क्रमांक द्या. निबंध बाहेरचे लोकही वाचणार असतील आणि त्यांना त्या स्लाइड मिळण्याचा मार्गच नसेल, तर स्लाइड निबंधाच्या शेवटच्या संदर्भसूचीत घालायच्या नाहीत. मग शिक्षकांचे नाव, `personal communication` हे शब्द आणि तारीख एवढेच मजकुरात कंसात येते. वर्गात ऐकून वहीत उतरवलेल्या व्याख्यानाचेही असेच करायचे.

स्लाइडच्या बाबतीत माझा एक आग्रह आहे. चौदाव्या स्लाइडवर आलेख असतो आणि त्याखाली अगदी बारीक अक्षरात कोणत्यातरी अहवालाचे नाव आणि वर्ष असते. तो आलेख शिक्षकांचा नाही. ती बारीक ओळ वाचा, मूळ अहवाल शोधा, त्यातला आकडा स्लाइडशी जुळतो का ते बघा आणि अहवालाचाच संदर्भ द्या. मूळ काही केल्या मिळालेच नाही, तर मजकुरात मूळ लेखकाचे नाव घेऊन पुढे `as cited in` आणि स्लाइडची नोंद द्या. स्लाइडवर आकडा उतरवताना वर्ष किंवा एकक गळून पडू शकते, आणि मुळाशी गेल्याशिवाय ते लक्षात येत नाही.

पोस्टला शीर्षक नसते, ते तुम्ही बनवायचे नसते

समाजमाध्यमावरच्या पोस्टचे पहिले 20 शब्द हेच तिचे शीर्षक. ते जसेच्या तसे उतरवा: शुद्धलेखन सुधारू नका, हॅशटॅग गाळू नका. इमोजी एक शब्द म्हणून मोजतात, आणि तो टाइप करता येत नसेल तर चौकोनी कंसात त्याचे वर्णन करतात. लेखकाच्या जागी आधी खरे नाव, मग चौकोनी कंसात `@` सह वापरनाव. खरे नाव माहीत नसेल तर नुसते वापरनाव पुरते. चित्रावरून किंवा प्रतिक्रियांवरून माणूस ओळखून त्याचे नाव लिहू नका, तो अंदाज असतो. शीर्षकानंतर प्रकार येतो, जसे `[Post]` किंवा `[Photograph]`, मग माध्यमाचे नाव आणि त्या एका पोस्टची लिंक. प्रोफाइलची लिंक दिलीत, तर महिन्याभरात ती पोस्ट खाली कुठेतरी गाडली गेलेली असते.

पोस्ट काढूनही टाकली जाते. म्हणून संदर्भ घेतला त्याच दिवशी `web.archive.org/save` येथे लिंक टाकून प्रत जतन होते का बघा. लॉगिन मागणाऱ्या पानांची प्रत अनेकदा नीट उतरत नाही. अशा वेळी तारीख आणि वापरनाव दिसेल असा स्क्रीनशॉट स्वतःकडे ठेवा.

पॉडकास्ट

यात फार अडचण येत नाही. भाग सादर करणारा लेखकाच्या जागी येतो आणि नावापुढे `(Host)` लिहितात. पाहुण्याचे नाव तुमच्या वाक्यात घ्या. भागाचे शीर्षक, मग `[Audio podcast episode]`, मग मालिकेचे नाव आणि निर्मिती संस्था असा क्रम असतो. ॲपवर ऐकले आणि लिंक मिळत नसेल, तर लिंक सोडून दिली तरी चालते. मजकुरात इथेही मिनिट-सेकंद द्यायचे.

काहीच सापडले नाही तर

खाते नाही, नाव नाही, संस्थाही नाही, असे क्वचित होते. तेव्हा शीर्षकच लेखकाच्या जागी सरकते आणि त्यामागे तारीख येते. `Anonymous` तेव्हाच लिहा, जेव्हा मूळ कृतीवर तीच सही असते. तारीख नसेल तर `n.d.` लिहा. पाहिल्याची तारीख प्रोफाइलसारख्या सतत बदलणाऱ्या पानालाच लागते, एकदा टाकलेल्या पोस्टला किंवा व्हिडिओला लागत नाही.