लेस की वेल्क्रो: गाठ शिकणाऱ्या मुलाने मैदानावर कोणते बूट घालावेत?

बहुतेक मुले साधारणपणे पाच ते सात वर्षांच्या दरम्यान स्वतःच्या बुटाची लेस बांधायला शिकतात, आणि नेमक्या याच वयात ती कोणाचा हात न धरता घसरगुंडीच्या शिडीवर, दोरांच्या जाळीवर आणि झुलत्या पुलावर चढू लागतात. पालकांची अडचण इथेच होते, कारण शिकण्यासाठी लेस लांब असावी लागते, तर मैदानावर तीच लांब लेस पायाखाली येते किंवा कुठेतरी अडकते. एकाच बुटाकडून ही दोन्ही कामे करून घेण्यापेक्षा काही महिने शिकण्याचा बूट वेगळा आणि खेळण्याचा बूट वेगळा ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. शिकण्याच्या बुटाला लेस असावी आणि खेळण्याच्या बुटाला वेल्क्रोचा पट्टा. मुलाच्या हातची गाठ खेळाच्या धावपळीत टिकू लागली, की ही विभागणी बंद करता येते.

आधी मैदानावरचा धोका ओळखा

लेस सुटून पायाखाली येते आणि मूल पडते, हे सर्वांना माहीत असते. सपाट जमिनीवर अशा पडण्याने बहुधा गुडघा खरचटण्यापलीकडे काही होत नाही. शिडीच्या वरच्या पायरीवर तेच घडले तर मूल उंचावरून कोसळते. दुसरा धोका मात्र सहसा लक्षात येत नाही, आणि तो म्हणजे लेस अडकण्याचा. घसरगुंडीचा पत्रा वरच्या फलाटाला जिथे जोडलेला असतो तिथे पुष्कळदा बारीक फट असते. मूल बसण्यासाठी पाय पुढे घेते तेव्हा लोंबणारी पाकळी किंवा लेसचे टोक त्या फटीत शिरू शकते. मग शरीर खाली सरकते, पाय मात्र वरच राहतो आणि घोटा पिरगळतो. लाकडी पुलाच्या फळ्यांमधील अंतर, फिरत्या चक्राचा कणा आणि लहान सायकलच्या पेडलचा दांडा या जागाही अशाच आहेत. मूल खेळायला लागण्यापूर्वी त्या मैदानावरील घसरगुंडीचा वरचा जोड एकदा हाताने चाचपून पाहावा.

आणखी एक गोष्ट शिकण्याच्या बुटाशी निगडित आहे. सरावासाठी दिलेल्या सुट्या लेस मैदानावर नेऊ देऊ नयेत. मुले त्यांचा लगाम करतात, त्या गळ्यात अडकवतात किंवा खेळाच्या साधनाला बांधतात, आणि उंचावर बांधलेल्या दोरीत मान अडकणे जिवावर बेतू शकते. सराव संपला की लेस मोजून परत घ्यावी आणि घरात धाकटे भावंड असल्यास त्याच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी.

खेळण्याच्या बुटाचा पट्टा तपासा

वेल्क्रोचा बूट घेतला म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. मुलाला बूट घालताना आधी टाच जमिनीवर टेकवून मागे सरकवायला सांगावे आणि त्यानंतरच पट्टा ओढावा, कारण टाच पुढे राहून लावलेला पट्टा दोन उड्यांतच सैल पडतो. पट्टा लावल्यावर त्याचे टोक खालच्या मऊ भागावर पूर्ण बसले पाहिजे. पाय अरुंद असेल तर ते टोक बुटाच्या कडेबाहेर येऊन फडफडते आणि लेसइतकेच अडकू शकते. अशा वेळी आत एक पातळ सोल घालून पाहावा. तरीही टोक बाहेर राहत असेल तर त्या पायासाठी तो बूट योग्य नाही.

पकड कमी झाली आहे की नाही, हे आवाजावरून बऱ्यापैकी कळते. चांगला पट्टा उघडताना मोठा खरखरीत आवाज येतो, आणि तो मंदावला की आकड्यांच्या भागात वाळू, केस आणि मोज्यांचे धागे भरले आहेत असे समजावे. जुन्या, कडक दातांच्या टूथब्रशने तो भाग घासावा आणि अडकलेले धागे टाचणीने उचलून काढावेत. स्वच्छ केल्यानंतरही मुलाने चवड्यांवर उभे राहताच पट्टा उचकटत असेल, तर समोरच्या मऊ भागाचे तंतू झिजलेले असतात. तिथे साफसफाईने काही साधत नाही. पट्टा बदलून शिवून घ्यावा किंवा तो बूट उंच साधनांवरील खेळासाठी वापरणे थांबवावे. बूट धुताना पट्टे बंद ठेवले तर आकडे धाग्यांनी कमी भरतात.

गाठ शिकवताना

शिकण्याच्या बुटाला चपटी, सुती आणि किंचित खरबरीत लेस लावावी. गोल आणि गुळगुळीत नायलॉनची लेस लहान बोटांतून निसटते, शिवाय तिची गाठही लवकर ढिली होते. दोन वेगळ्या रंगांच्या लेस घेऊन त्यांची एकेक टोके एकमेकांना घट्ट गाठून एक लेस करावी आणि ती गाठ बुटाच्या पुढच्या टोकाशी, शेवटच्या दोन भोकांच्या मधोमध येईल अशी ओवावी. समजा, डाव्या बाजूला लाल आणि उजव्या बाजूला पिवळी लेस आहे. ओवून झाल्यावर दोन्ही बाजूंना तीसेक सेंटीमीटर लेस मोकळी उरली पाहिजे, म्हणजे मुलाला मोठ्या पाकळ्या धरता येतात.

सुरुवातीला बूट पायात नसावा. तो मुलासमोर टेबलावर ठेवावा, टाच मुलाच्या पोटाकडे आणि पुढचे टोक पलीकडे, म्हणजे बूट पायात घातल्यावर जसा दिसतो तसाच दिसतो. शिकवणाऱ्याने समोर बसू नये, शेजारी किंवा मागे बसावे. समोरून पाहिलेली डावी-उजवी बाजू मुलाला मनात उलटवून घ्यावी लागते. (मूल डावखुरे आणि तुम्ही उजवे असाल, तर उलट समोर बसणेच सोयीचे, कारण तुमचे हात त्याला आरशातल्यासारखे दिसतात.)

शिकवण्याचा क्रम शेवटापासून सुरू करावा. पहिले काही दिवस सगळी गाठ तुम्ही बांधावी आणि दोन्ही पाकळ्या ओढून आवळण्याचे शेवटचे काम तेवढे मुलाकडे द्यावे. ते सहज जमू लागले की दुसरी पाकळी खालून आत घालण्याचे काम द्यावे, मग पाकळ्या करण्याचे, आणि पहिला वेढा सर्वांत शेवटी. या पद्धतीत प्रत्येक सराव पूर्ण बांधलेल्या गाठीवर संपतो. पहिल्या वेढ्यापासून सुरुवात केली, तर मूल मध्येच अडते आणि उरलेले काम मोठ्यांच्या हाती जाते.

आता प्रत्यक्ष गाठ. लाल लेस पिवळीवरून न्यावी, खालून आत घालून दोन्ही बाजूंनी ओढावी. लाल लेस आता उजवीकडे आली आहे. दोन्ही लेसच्या एकेक पाकळ्या कराव्यात, लाल पाकळी पुन्हा पिवळीवरून न्यावी, खालच्या फटीतून आत घालावी आणि दोन्ही पाकळ्या ओढाव्यात. मुलाला एवढेच सांगावे, की दोन्ही वेळा लालच वर. दुसऱ्या वेळी पिवळी वर गेली, तर दिसायला गाठ जवळपास सारखीच होते, पण ती कमकुवत असते आणि थोड्याच वेळात सुटते. ही चूक डोळ्यांनी ओळखता येते: बरोबर गाठीच्या पाकळ्या बुटाच्या आडव्या, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंना पसरतात, आणि चुकलेल्या गाठीच्या पाकळ्या फिरून घोट्याच्या व बोटांच्या दिशेने उभ्या होतात. अनेक मोठी माणसेसुद्धा आयुष्यभर ही उभी गाठ बांधतात, म्हणून शिकवण्याआधी स्वतःच्या बुटाकडे एकदा पाहून घ्यावे. तुमची गाठ एकच पाकळी करून तिच्याभोवती वेढा घेण्याच्या पद्धतीची असेल, तर बाकी काही न बदलता पहिला वेढा तेवढा उलट्या दिशेने घ्यावा. पाकळ्या आडव्या होतात.

गाठ आपोआप का सुटते, याचा अभ्यास बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. धावताना पाऊल जमिनीवर आपटते तेव्हा त्या धक्क्याने गाठ ताणली जाऊन ढिली होते, आणि त्याच वेळी पुढे-मागे फेकली जाणारी मोकळी टोके तिला ओढून सोडवतात. नुसते पाय हलवल्याने किंवा नुसते पाय आपटल्याने ती सुटली नाही. दोन्ही एकत्र घडावे लागले. त्यामुळे झोक्यावर बसलेल्या मुलाची शाबूत गाठ पाहून निश्चिंत होऊ नये. ती पकडापकडीच्या खेळानंतर तपासावी.

लेसचे बूट मैदानावर कधी आणि कसे न्यावेत

मुलाने स्वतः बांधलेली गाठ घराजवळ, सपाट जागेवर पंधरा-वीस मिनिटे धावूनही आडवी आणि घट्ट राहते का, ते सलग काही दिवस पाहावे. राहत असेल तर लेसचे बूट मैदानावर न्यायला हरकत नाही, पण तेव्हा लेस आखूड करावी. पाच-पाच भोके असलेल्या लहान बुटात ओवण्यातच साधारण ४५ सेंटीमीटर लेस जाते. लेस १२० सेंटीमीटरची असेल तर प्रत्येक बाजूला सुमारे ३७ सेंटीमीटर उरते. गाठीला मात्र एवढी लागत नाही: चार सेंटीमीटरच्या पाकळीला दुमडून आठ, गाठीला आठ-नऊ आणि टोकाला पाच, म्हणजे जेमतेम २२. उरलेले पंधरा सेंटीमीटर टोकाला लोंबते आणि सहज जमिनीला टेकते. अशा बुटाला ९० सेंटीमीटरची लेस बरोबर बसते. तुमच्या बुटाचे माप वेगळे असेल, तर जुनी लेस ओवून उरलेला भाग मोजावा आणि त्यावरून नवी घ्यावी. कसोटी सोपी आहे: मूल सरळ उभे असताना पाकळी किंवा टोक सोलच्या कडेपर्यंत पोहोचता कामा नये.

मैदानात शिरताना पाकळ्यांची आणखी एक गाठ तुम्ही मारून द्यावी. ती निरगाठीसारखी घट्ट होऊ देऊ नये, नाहीतर बूट काढताना मूल टाच दाबून तो ओरबाडून काढू लागते आणि गाठ सोडवायला शिकायचे राहून जाते. उरलेली टोके बुटाच्या जिभेवरील आडव्या लेसखाली खोचावीत. खेळ सुरू असताना लेस सुटलेली दिसली, तर मूल शिडीवर असताना खालून ओरडून थांबवू नये. ते मान वळवून खाली पाहते आणि त्याच क्षणी तोल जातो. जवळ जाऊन हाताने आधार द्यावा, त्याला खाली आणावे आणि गाठ पुन्हा त्यालाच बांधायला द्यावी.