तीन टनांचे दोन पट्टे म्हणजे सहा टन नव्हे

आयटीआय करून रिगिंगच्या, म्हणजे जड माल उचलून बसवण्याच्या कामावर आलेली पोरं पहिल्याच आठवड्यात एक हिशोब ऐकतात. भंडारा-गोंदियाकडच्या एका राइस मिलमध्ये बॉयलर बसवताना आमच्या हेल्परनंही तोच मांडला होता: "भाऊ, तीन-तीन टनाचे दोन पट्टे हायेत, सहा टन झाले नं! माल तं चारच टनाचा हाय."

हा हिशोब दोन्ही पट्टे सरळ उभे असतील तरच खरा. एका हुकातून निघून मालाच्या दोन टोकांना जाणारे पट्टे तिरपे असतात. तिरपा पट्टा माल वर ओढतो, शिवाय दोन्ही टोकं आतल्या बाजूलाही खेचतो. या आतल्या खेचण्यानं माल उचलला जात नाही, पण त्याचा ताण पट्ट्याला सोसावाच लागतो. पट्टा जितका आडवा पडेल, तितका हा फुकटचा ताण वाढतो.

साइटवर मी कोन मोजत बसत नाही, टेप लावतो. हुकात पट्टा बसतो त्या जागेपासून लगमधल्या, म्हणजे मालाला वेल्ड केलेल्या उचलायच्या कानातल्या, शॅकलच्या पिनपर्यंतचं तिरपं अंतर ही लांबी, आणि लगच्या पातळीपासून हुकापर्यंतचं उभं अंतर ही उंची. मग:

ताण = (वजन ÷ २) × (लांबी ÷ उंची)

आमच्या बॉयलरचं वजन ४ टन होतं आणि दोन लगमधलं अंतर ३ मीटर. लांबी ३ मीटर घेतली की उंची येते २.६ मीटर. २ × ३ ÷ २.६, म्हणजे प्रत्येक पट्ट्यावर सुमारे २.३ टन. तीन टनांचा पिवळा पट्टा इथे चालतो, दोन टनांचा हिरवा चालत नाही.

पण शेडची कैची खाली होती, हुक तेवढा वर जाईना. हेल्परनं २ मीटरचे पिवळे पट्टे काढले. त्यांनी उंची उरते १.३२ मीटर, आणि ताण होतो ३.०३ टन. तोच माल, त्याच रंगाचा पट्टा, पण आता मर्यादेच्या बाहेर. शिवाय प्रत्येक लग आत खेचली जाते ती जवळपास २.३ टनांनी, आधी हे खेचणं १.१५ टन होतं. चार टनांचा करडा पट्टा लावून पट्ट्याचा प्रश्न सुटला असता, लगचा नाही. बॉयलरच्या ड्रॉइंगवर आडव्या रेषेपासून किमान ६० अंश लिहिलेले होते. म्हणून आम्ही छताचे पत्रे काढले, हायड्रा क्रेनचा बूम दोन कैच्यांमधून वर घेतला आणि ३ मीटरचेच पट्टे लावले. मालकाला अर्धा दिवस गेल्याचं वाईट वाटलं. माझ्या मते तो अर्धा दिवस द्यायलाच हवा होता. पत्रे निघत नसते तर मधोमध कडी असलेला लिफ्टिंग बीम आणावा लागला असता, म्हणजे खालचे पट्टे उभे राहतात.

तक्ता वाचताना एक बघा, कोन कुठून धरलाय. कुठे तो आडव्या रेषेपासून असतो, कुठे उभ्या रेषेपासून, कुठे दोन पट्ट्यांच्या मधला. मधला कोन १२० अंश झाला की पट्टा आडव्या रेषेशी फक्त ३० अंशांवर असतो, आणि तिथे एकेका पट्ट्यावर अख्ख्या मालाइतका, म्हणजे इथे ४ टन ताण येतो. या ३० अंशांच्या खाली कधीच जायचं नाही.

पट्टा लगला जोडणारा शॅकल पट्ट्याच्या ताणावरून निवडायचा. २.३ टनांना पाच सुताचा, ३.२५ टनांचा बो शॅकल पुरला. पण सुतावर विसंबू नका, अंगावर कोरलेलं टनेज वाचा. कोरलेलं नसेल तर तो बाजूला ठेवा. तिरप्या ओढीला डी शॅकल नको. दोन्ही पट्टे वर एकाच शॅकलमध्ये घेतले, तर त्याच्यावर पूर्ण ४ टन येतात, म्हणून तिथे ४.७५ टनांचा सहा सुती लागतो. पिन हुकात आणि पट्टे बोमध्ये. लगऐवजी आय बोल्ट असेल तर जास्त जपा. कॉलरवाला आय बोल्टसुद्धा ४५ अंशांच्या ओढीला त्याच्या उभ्या क्षमतेच्या एक तृतीयांशाहून कमी घेतो, आणि बिनकॉलरचा तिरपा ओढायचाच नाही.

"पट्टा सातपट भारावर तुटतो" असं कुणी म्हणालं, तर ते नव्या पट्ट्याबद्दल खरं आहे. ती सातपट झटक्यांसाठी आणि झिजेसाठी राखलेली असते, आपल्या हिशोबातली चूक झाकायला नाही.

हे सूत्र हुक वजनाच्या बरोबर मध्यावर असेल तेव्हाचं. बॉयलरचं एक टोक जड असेल तर दोन पट्ट्यांचा ताण सारखा राहत नाही. चार पट्टे लावले तरी कडक मालाला मी भार दोनच पट्ट्यांवर धरतो, कारण लांबीत थोडा फरक असला की बाकीचे दोन ढिले राहतात.

माल चार बोटं उचला आणि थांबा. टेप पुन्हा लावून उंची मोजा, माल एका बाजूला झुकलाय का बघा, लगच्या वेल्डवरचा रंग तडकलाय का बघा. खाली ठेवल्यावर शॅकलची पिन हातानं फिरली पाहिजे. ती अडकली तर ताण हिशोबापेक्षा जास्त गेला असं धरून तो शॅकल बाद करा.