दीड मीटर वायरीत सिकलसेल कसा समजून घ्यावा

आमच्या गावच्या शाळेत सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी झाली तेव्हा एका मुलीची परीक्षानळी गढूळ झाली. नळीमागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनात. तिच्या वडिलांनी मला विचारलं, "सर, पोरीचं सगळं रक्त बिघडलं का जी?" त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. पुढे मी वर्गात एक प्रतिकृती करायला लागलो, तीच इथे सांगतो.

घरात लाइट फिटिंगची उरलेली वायर असतेच. तिचा दीड मीटर तुकडा घ्या आणि दर सेंटिमीटरला मार्करने ठिपका द्या, एकूण १४६ ठिपके. ही रक्तातल्या हिमोग्लोबिन या प्रथिनाची बीटा साखळी आणि एकेक ठिपका म्हणजे एकेक अमिनो आम्ल. कोणत्या आम्लामागे कोणतं, हा क्रम म्हणजे प्रथिनाच्या रचनेची पहिली पातळी. सहावा ठिपका लाल करा. तिथे ग्लुटामिक आम्ल असतं. त्यावर ऋण विद्युतभार असल्यामुळे ते पाण्यात सुखाने राहतं. (काही रिपोर्टवर `Glu7Val` असं लिहिलेलं असतं. तिथे सुरुवातीला जोडलं जाऊन नंतर कापलं जाणारं आम्लही मोजलेलं असतं, जागा तीच.)

आता सुमारे एक सेंटिमीटर जाडीच्या स्केचपेनवर वायर गुंडाळा. पाच वेढ्यांत साधारण अठरा ठिपके आले पाहिजेत. वेढे फार घट्ट झाले तर एका वेढ्यात कमी ठिपके बसतात, मग ते थोडे सैल करा. ही दुसरी पातळी. सगळी वायर सलग गुंडाळू नका. बीटा साखळीत अशी आठ वेटोळी असतात आणि त्यांच्यामध्ये छोटी वळणं. लाल ठिपका पहिल्याच वेटोळ्याच्या सुरुवातीला येतो.

वेटोळी एकमेकांवर दुमडून लिंबाएवढा गोळा करा, लाल ठिपका बाहेरच्या बाजूला ठेवा आणि आत एका खाचेत टिकली चिकटवा. टिकली म्हणजे लोह असलेला हीम, प्राणवायू इथेच धरला जातो. ही तिसरी पातळी. असे चार गोळे, दोन अल्फा आणि दोन बीटा, एकत्र बसले की चौथी पातळी होते आणि हिमोग्लोबिनचा एक रेणू तयार होतो. चारही गोळे वायरीचे करायची गरज नाही. चिकणमातीच्या गोळ्यांचे चार-चारचे तीन-चार संच करून वाळवून घ्या.

सिकलसेलमध्ये सहाव्या जागी ग्लुटामिकऐवजी व्हॅलिन येतं. तुमच्या वायरीवरचा तो एक ठिपका लाल पुसून पिवळा करा आणि गोळ्याकडे बघा. काहीच बदललं नाही ना? मुलं इथे हमखास चुकतात. त्यांना वाटतं, आता वेटोळी सुटणार, गोळा विस्कटणार. तसं होत नाही. रेणूचा आकार जवळपास तोच राहतो आणि तो प्राणवायूही वाहून नेतो. बिघाड होतो तो शेजारच्या रेणूशी.

व्हॅलिन पाण्याला टाळतं. त्यासाठी जुन्या दप्तराचं वेल्क्रो काढा. प्रत्येक बीटा गोळ्यावर सहाव्या जागी काटेरी तुकडा चिकटवा आणि दुसऱ्या बाजूला मऊ तुकडा. मऊ तुकडा म्हणजे ८५ आणि ८८ क्रमांकाच्या आम्लांजवळची खोबण. ती कागदाने झाका. प्राणवायू असताना रेणूची ठेवण अशी असते की व्हॅलिनला त्या खोबणीत बसता येत नाही. प्राणवायू सुटला की ठेवण बदलते. आता कागद काढा आणि एका संचाचा काटेरी तुकडा दुसऱ्या संचाच्या मऊ तुकड्यात बसवा, मग तिसरा, चौथा. प्रत्येक संचाच्या दोनपैकी एकच काटेरी तुकडा वापरा, कारण खऱ्या धाग्यातही असंच घडतं. पेशीत अशा ओळी एकमेकींना चिकटून चौदा पदरांचा ताठ धागा होतो आणि तो तांबड्या पेशीला आतून ताणून विळ्यासारखी करतो. अशी पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकते, म्हणून हाडं ठणकतात. ती टिकतेही १० ते २० दिवसच. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते.

नळीत नेमकं हेच झालं होतं. त्यातलं रसायन प्राणवायू काढून घेतं, रेणू चिकटतात आणि द्रव गढूळ होतो. पण आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच दोष आलेल्या वाहकाची नळीही गढूळ होते. आजार आहे की नुसतं वाहकपण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीतच कळतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची नळी स्वच्छ दिसली तरी विश्वास ठेवू नका, कारण त्याच्या रक्तात अजून गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असतं आणि त्यात बीटा साखळीच नसते.

शेवटी ओळीच्या मधोमध वेल्क्रो नसलेला एक संच ठेवून बघा. ओळ तिथेच तुटते. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीने गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढतं आणि ते पेशीत असंच मध्ये येतं. त्या वडिलांना मी नंतर घरी जाऊन मातीचे गोळे हातात दिले. त्यांनी स्वतः ओळ जोडली, मधला संच बदलला आणि विचारलं, "म्हणजे गोळी रोज द्यावी लागंल ना?"