मेइजी जपान पहिल्यांदा शिकताय? आधी भातशेतीचा कर समजून घ्या

एमएला आधुनिक जपानचा पेपर घेतलेले बरेच ज्युनियर विचारतात की सुरुवात कुठून करू, आणि बहुतेकांच्या डोक्यात एकच चित्र असतं, १८५३ ला अमेरिकन आरमारातल्या पेरीची काळी जहाजं आली, जपानी घाबरले, मग सम्राटाला पुढे आणलं आणि धडाधड रेल्वे, कारखाने, आरमार. हे खोटं नाहीये, पण यात पैसा कुठून आला ते कुठेच दिसत नाही. मेइजी काळात जपानने बाहेरून कर्ज फार कमी घेतलं, सुरुवातीला लंडनमध्ये दोनदा, त्यातलं एक टोकियो-योकोहामा रेल्वेसाठी, आणि नंतर पंचवीसेक वर्षं जवळपास नाहीच. आयात कर वाढवायचीही सोय नव्हती, कारण परदेशी तहांनी तो ५ टक्क्यांच्या आसपास बांधून टाकलेला आणि पूर्ण मोकळीक मिळाली ती थेट १९११ ला. म्हणजे उरला कोण, तर शेतकरी. म्हणून माझं सांगणं असं की राजकारण, युद्धं वगैरे नंतर वाचा, पहिले १८७३ चा जमीनकर हाताशी कागद-पेन घेऊन समजून घ्या.

त्याआधी तारखांचं एक सांगतो, नाहीतर नोट्स काढताना वेड लागेल. जपानने सौर कॅलेंडर १ जानेवारी १८७३ पासून लावलं. त्याआधीचं सगळं चांद्र पंचांगाने, त्यामुळे शोगुनकडून सत्ता काढून सम्राटाच्या नावावर आणली तो सत्तापालट एका पुस्तकात १८६७ च्या बाराव्या महिन्यातला दिसेल आणि दुसऱ्यात ३ जानेवारी १८६८. दोन्ही बरोबर. मी वहीत सरळ दोन कॉलम आखले होते आणि तेच पुरलं, आपल्याकडे शक-सन जुळवायची सवय असलेल्यांना हे जड जात नाही.

आता कर. आधी काय होतं, तर कर तांदळात, गावाच्या नावावर, आणि पीक बुडालं तर सूट मागायची वाट थोडीफार उघडी. शिवाय प्रत्येक दाइम्योच्या, म्हणजे सरंजामदाराच्या, संस्थानात वेगळा हिशोब. १८७१ ला ही अडीचशेच्या वर संस्थानं एका फटक्यात खालसा झाली आणि इथे सम्राट किती कामाला आला ते बघा. १८६९ लाच सात्सुमा, चोश्यू, तोसा, हिझेन या चार मोठ्या संस्थानांनी आपली जमीन आणि रयत सम्राटाला 'परत' केली होती, म्हणजे मुळात ती त्याचीच होती असं गृहीत धरून. बाकीचेही मागोमाग आले. मग दोन वर्षांनी सम्राटाच्या आज्ञेने संस्थानंच रद्द! दाइम्योंना उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याइतकी नेमणूक दिली, त्यांची कर्जं सरकारने अंगावर घेतली, आणि बरेचसे कर्जात बुडालेले असल्याने फारशी कुरकुर न करता टोकियोला येऊन राहिले. सम्राट तेव्हा विशीतसुद्धा नव्हता, निर्णय नव्या सरकारातल्या ओकुबो, किदो, साइगो, इवाकुरा वगैरे मंडळींचे, पण या मंडळींपैकी कुणीही आपल्या नावाने दाइम्योला 'जमीन सोड' म्हणू शकला नसता, ते तर बहुतेक मधल्या-खालच्या दर्जाचे सामुराई. सम्राट का ठेवला या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला तरी इथेच मिळतं.

तर १८७३ चा कायदा. जमिनीची किंमत ठरवायची, मालकाच्या नावाने पट्टा द्यायचा आणि किंमतीच्या ३ टक्के दर वर्षी रोख घ्यायचे. पीक येवो न येवो. किंमत कशी काढायची याचं नमुना गणित सरकारनेच दिलं होतं, तेच करून बघा. एक तान शेत धरा, म्हणजे आपले साधारण दहा गुंठे. पीक १.६ कोकू तांदूळ (एक कोकू म्हणजे अंदाजे १५० किलो). भाव कोकूला ३ येन, म्हणजे एकूण ४.८० येन. त्यातून बी-खताचे १५ टक्के गेले, ७२ सेन (शंभर सेनचा एक येन), उरले ४.०८ येन. आता यातून सरकारचा कर आणि त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका गावचा कर जाणार, आणि उरलेली रक्कम म्हणजे जमिनीच्या किंमतीवर ६ टक्के व्याज असं मानायचं. मग किंमतीच्या ३ अधिक १ अधिक ६ असे १० टक्के म्हणजे ४.०८, म्हणून किंमत ४०.८० येन. कर झाला १.२२ येन, गावचा ०.४१.

आता हे आकडे नीट बघा. सरकारी कर एकूण पिकाच्या चौथ्या हिश्श्याला भिडतो, गावचा धरून एक तृतीयांशाच्या वर जातो. आणि वजावटीत शेतकऱ्याच्या मजुरीचा एक सेनही नाही! घरची चार माणसं वर्षभर चिखलात राबली त्याची किंमत शून्य. वर ६ टक्के व्याजदर म्हणजे त्या काळच्या खेड्यातल्या व्याजापेक्षा बराच कमी, आणि दर जेवढा कमी धरला तेवढी जमिनीची किंमत फुगते, किंमत फुगली की कर फुगतो. हे गणित मी एकदा सेमिनारला फळ्यावर करून दाखवलं तेव्हा आमच्या सरांनी फक्त एवढंच विचारलं, "मग १८७६ ला दंगे का झाले हे अजून वेगळं सांगायला हवं का?" नव्हतंच लागत. १८७६ च्या शेवटी इसे भागात मोठा उठाव झाला, आणि जानेवारी १८७७ मध्ये दर ३ वरून अडीच टक्क्यांवर आणला. लोकांमध्ये तेव्हा एक म्हण फिरत होती, बांबूचा भाला खुपसला की अडीच टक्के बाहेर पडतात. आणि ही सूट जाहीर कशी झाली, तर सम्राटाच्या नावाने. वसुली करणारं सरकार, दया करणारा सम्राट. परीक्षेत 'सम्राटाची भूमिका' असा प्रश्न आला तर राज्यघटनेची कलमं घोकण्याआधी हे उदाहरण लिहा, वजन पडतं.

या पैशाचं सरकारने काय केलं? दोन मोठे खर्च होते. एक सामुराईंच्या नेमणुका, ज्या सरकारी खर्चाचा तिसरा हिस्सा खायच्या. १८७६ ला त्या सक्तीने बंद करून हातात कर्जरोखे दिले, साधारण १७ कोटी येनचे. दुसऱ्या वर्षी साइगोच्या नेतृत्वाखाली सात्सुमात बंड, तेही शेतकऱ्यांच्या पोरांच्या सक्तीच्या भरतीतून उभ्या केलेल्या सैन्याने मोडलं. दुसरा खर्च म्हणजे नमुना कारखाने, आणि यातला तोमिओकाचा रेशीम कारखाना बघण्यासारखा आहे.

जपानला कधी गेलात तर ताकासाकीहून छोट्या रेल्वेने तिथे जाता येतं. मी गेलो तेव्हा कोष साठवायच्या लांबलचक गोदामासमोरच बराच वेळ उभा होतो, लाकडी सांगाडा आणि मध्ये विटा, कारण वीट बनवणारे जपानात नव्हतेच, कौलं बनवणाऱ्या कारागिरांनी भाजल्या त्या. कमानीच्या मधल्या दगडावर 'मेइजी ५ वे वर्ष' कोरलंय, म्हणजे १८७२. पॉल ब्रुना नावाच्या फ्रेंच माणसाने सगळं उभारलं, सूत उकलायची ३०० कढयांची यंत्रं, तेव्हाच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या कारखान्यांपैकी एक. आणि मग कामाला मुलीच येईनात! फ्रेंच लोक लाल वाइन प्यायचे, अफवा उठली की हे माणसाचं रक्त पितात. शेवटी व्यवस्थापक ओदाका यांनी स्वतःची मुलगी पहिली भरती केली, मग सामुराई घरांतल्या मुली यायला लागल्या. वादा एइ ही त्यातलीच एक, तिच्या आठवणी छापलेल्या आहेत, इंग्रजीत भाग मिळतात, नक्की वाचा. १८७३ च्या जूनमध्ये सम्राज्ञी खास कारखाना बघायला आली होती. ज्या घरात मुलीला गिरणीत धाडणं कमीपणाचं वाटायचं तिथे हे किती चाललं असेल विचार करा.

पण, आणि हे नवख्यांच्या उत्तरात नेहमी सुटतं, तोमिओका धंदा म्हणून फारसा चाललाच नाही, १८९३ ला मित्सुई या बड्या व्यापारी घराण्याला विकला. त्याचा खरा फायदा म्हणजे शिकून परत गेलेल्या मुली, वादा एइ स्वतः आपल्या गावाजवळ निघालेल्या गिरणीत शिकवायला गेली. सरकारी कारखान्यांनी औद्योगिकीकरण झालं असं लिहिलंत तर मार्क जातील.

मग १८८१ ला मात्सुकाता अर्थमंत्री झाले. सात्सुमाच्या बंडासाठी छापलेल्या नोटांनी महागाई भडकलेली. आपलं दहा गुंठे शेत परत घ्या. अडीच टक्क्याने कर १.०२ येन. तांदूळ कोकूला १० येन असताना हा कर भरायला कोकूचा दहावा हिस्सा विकला की झालं, शेतकरी खुश आणि सरकारच्या हातात मात्र स्वस्त झालेले येन. मात्सुकातांनी खर्च कापला, नोटा मागे घेतल्या, १८८२ ला बँक ऑफ जपान काढली, कारखाने विकायला काढले, आणि १८८४ पर्यंत भाव ५ येनच्या आसपास आला. कर तेवढाच, पण आता दुप्पट तांदूळ विकावा लागतो. कर्ज, गहाण, जमीन गेली. नोव्हेंबर १८८४ ला चिचिबूच्या रेशीम-शेतकऱ्यांनी सावकारांची घरं फोडून कर्जाचे कागद जाळले (१८७५ चे दख्खनचे दंगे शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल), सैन्य पाठवून मोडलं ते. जमीन गेलेली कुळं झाली आणि त्यांच्या घरच्या मुली गिरण्यांत गेल्या.

आणि याच मंदीत ओसाका स्पिनिंग उभी राहिली, १८८३. सरकारी मदतीच्या गिरण्या २००० चात्यांच्या, पाण्यावर चालणाऱ्या, रडतखडत. उद्योजक शिबुसावा एइइचींनी मात्र भांडवल भागधारकांकडून जमवलं, १०,५०० चात्या, वाफेचं इंजिन, आणि दिवस-रात्र दोन पाळ्या म्हणजे तीच यंत्रं दुप्पट काम करणार. यंत्रावर बसलेला पैसा लवकर सुटला, बाकीच्यांनी कित्ता गिरवला, आणि १८९७ मध्ये जपानची सुताची निर्यात आयातीच्या वर गेली. त्याआधी जपानात मुंबईच्या गिरण्यांचं सूत विकलं जायचं हे लक्षात ठेवा.

मुंबईचा धागा इथेच संपत नाही. जपानी गिरण्यांना स्वस्त कापूस हवा होता तो आपल्याकडचा, पण जहाजभाडं परदेशी कंपन्यांच्या हातात. १८९३ ला जमशेटजी टाटा जपानला गेले, त्याच वर्षी निप्पॉन यूसेन या जपानी जहाज कंपनीने मुंबई-कोबे लाइन सुरू केली आणि पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीने भाडी पाडून त्यांना चेपायचा प्रयत्न केला. म्हणजे मुंबईचं सूत जपानच्या बाजारातून उठलं आणि मुंबईचा कापूस तिथे जायला लागला, दोन्ही दहाएक वर्षांत. डेझर्टेशनचा विषय शोधत असाल तर मुंबई मिलओनर्स असोसिएशनचे जुने वार्षिक अहवाल काढा, १८८५ ते १९०० एवढेच बघा, त्यासाठी जपानी भाषा येण्याची गरज नाही.