उन्हाळी पाण्याआधी ठिबकाच्या नळावर दाब मोजून घ्यावा

कोकणात डोंगरउतारावरच्या काजू-आंब्याच्या नव्या कलमांना पावसाळा संपल्यावर वरच्या टाकीतून, पंपाशिवाय, ठिबकाने पाणी देण्याची पद्धत रूढ आहे. मार्चपासून पाण्याची गरज वाढते आणि ‘टाकी भरलेली आहे, तरी कडेच्या कलमांना पाणी पोचत नाही’ ही तक्रारही त्याच सुमारास सुरू होते. ठिबकाच्या जोडणीच्या नळावर दाब मोजल्यास दोष टाकीच्या उंचीत आहे की पाइपात, हे बऱ्याच अंशी कळते. मात्र त्यासाठी पाणी बंद असताना आणि पाणी वाहत असताना, असे दोन्ही वेळा मोजमाप घ्यावे लागते.

गेज निवडताना ० ते २.५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर या मापाचा घ्यावा. दुकानात सहज मिळणाऱ्या ० ते १० किलोच्या गेजवर इतक्या कमी दाबातला फरक नीट वाचता येत नाही. नळाला टी जोडून तिच्या बाजूच्या तोंडाला टेफ्लॉन टेप लावून गेज बसवावा आणि पुढच्या तोंडाला कॉक लावावा, म्हणजे पाणी गेजजवळून पुढे जाऊन कॉकमधून बाहेर पडेल. बसवण्यापूर्वी गेजचा काटा शून्यावर आहे ना, हे पाहावे.

प्रथम कॉक आणि या लाइनवरचे इतर सर्व नळ बंद ठेवून काटा स्थिरावू द्यावा. हा स्थिर दाब होय. तो केवळ टाकीतील पाण्याच्या पातळीची गेजपासूनची उंची सांगतो, दर १० मीटरला सुमारे १ किलो. पाइप बारीक असो की जाड, त्याने या आकड्यात फरक पडत नाही, आणि नेमक्या याच कारणाने केवळ स्थिर दाब पाहून पुरवठा पुरेसा ठरवणे चुकीचे आहे. उंचीच्या हिशेबापेक्षा तो कमी भरला, तर कुठेतरी नळ उघडा आहे, गळती आहे किंवा पाइपाच्या चढाच्या जागी हवा अडकली आहे, असे समजून आधी ते शोधावे.

त्यानंतर कॉक सावकाश उघडून, ठिबकाला लागतो तेवढाच प्रवाह सोडून गेज वाचावा. हा वाहता दाब. कॉक पूर्ण उघडल्यास काटा शून्याजवळ जातो, पण त्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. प्रवाह बादली आणि घड्याळाने मोजावा.

समजा, ७ बाय ७ मीटरवर काजूची २२५ कलमे आहेत आणि प्रत्येकाला ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर आहेत. एकूण गरज ताशी १,८०० लिटर झाली, म्हणजे १५ लिटरची बादली ३० सेकंदांत भरली पाहिजे. टाकीतील पाणी नळापेक्षा १८ मीटर उंच आहे, मधला ३२ मिलिमीटरचा पाइप १८० मीटर लांब आहे आणि बाग साधारण नळाच्याच पातळीत आहे. ड्रिपरला १ किलो आणि फिल्टर व लॅटरलमधील घट धरून नळावर १.४ किलो वाहता दाब हवा, असे धरू. स्थिर दाब १.८ किलो आला, पण बादली ३० सेकंदांत भरेल इतका कॉक उघडल्यावर गेजने १.२ किलो दाखवला. पुरवठा अपुरा आहे. मात्र पाइपात दोष नाही, कारण अशा पाइपात एवढ्या प्रवाहाला १०० मीटरमागे सुमारे ३ मीटर उंचीइतकी, म्हणजे ०.३ किलो, घट होतेच, आणि ०.६ किलोची घसरण त्या हिशेबाशी जुळते. याच प्रवाहाला गेज ०.५ किलोपर्यंत उतरला असता, तर तुंबलेली जाळी, अर्धवट मिटलेला व्हॉल्व्ह किंवा मध्येच जोडलेला बारीक पाइप शोधावा लागला असता.

अशा वेळी लगेच टाकी उंच करण्याच्या किंवा नवा पाइप टाकण्याच्या खर्चात पडू नये. प्रवाह निम्मा केला की घर्षणाची घट निम्मी न होता जवळपास साडेतीन पटींनी कमी होते. त्यामुळे बागेचे दोन भाग करून आळीपाळीने पाणी सोडल्यास बादली ६० सेकंदांत भरेल इतक्या प्रवाहाला गेज सुमारे १.६ किलो दाखवेल. पाणी देण्याचा एकूण वेळ दुप्पट होईल, हे मात्र धरून चालावे.

हे मोजमाप टाकी भरलेली असताना घेतले असेल, तर टाकी तळाला आल्यावर पुन्हा घ्यावे. २ मीटर खोल टाकीत पातळी उतरल्याने दोन्ही दाब ०.२ किलोने कमी होतात, म्हणजे वरील उदाहरणातल्या बागेत १.६ चे १.४ होतील आणि गरज जेमतेम भागेल. पंपाच्या लाइनवर ही पद्धत जशीच्या तशी वापरू नये: कॉक बंद करून पंप चालवल्यास दाब या लहान गेजच्या मापाबाहेर जाऊ शकतो आणि पंपही तापतो.