कव्हर्ड कॉल आणि कॉलर: या चुका टाळा

हाती असलेल्या शेअरवर कॉल, म्हणजे तो शेअर ठरलेल्या भावाला विकत घेण्याचा हक्क, दुसऱ्याला विकून त्याची किंमत म्हणजे प्रीमियम घेतला, म्हणजेच कव्हर्ड कॉल केला, की शेअरला संरक्षण मिळाले, असे अनेक भागधारक धरून चालतात, आणि सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. समजा, शेअरचा आजचा भाव १०० आहे आणि तुम्ही ११० स्ट्राइकचा, म्हणजे ११० या ठरलेल्या भावाचा, कॉल ३ प्रीमियम घेऊन विकला. एक्सपायरीला, म्हणजे मुदत संपताना, भाव ७० झाला, तर शेअरवरील ३० च्या तोट्यातून ३ वजा होतात आणि २७ चा तोटा तुमच्याच वाट्याला येतो. म्हणजे प्रीमियमने तोटा किंचित कमी केला, थोपवला नाही. उलट भाव १३० झाला, तर शेअर ११० लाच द्यावा लागतो. वाढीचे १० आणि प्रीमियमचे ३ असे १३ मिळतात, तर नुसता शेअर ठेवणाऱ्याला ३० मिळतात. भाव ११० च्या वर गेला की पुढची प्रत्येक वाढ तुम्ही आधीच विकून टाकलेली असते.

घसरणीला खरोखर तळ हवा असेल, तर पुट, म्हणजे शेअर ठरलेल्या भावाला विकण्याचा हक्क, विकत घ्यावा लागतो. वरच्या उदाहरणात कॉलचे आलेले ३ खर्चून ९५ स्ट्राइकचा पुट घेतला, तर शेअर, विकलेला कॉल आणि घेतलेला पुट मिळून कॉलर तयार होतो. आता भाव ७० झाला तरी तोटा ५ वरच थांबतो. मात्र १३० ला नफा फक्त १० राहतो, म्हणजे २० सोडून दिलेले असतात. येथे प्रीमियमची देवघेव शून्य दिसते म्हणून ‘संरक्षण फुकट मिळाले’ असे म्हणणे मला दिशाभूल करणारे वाटते, कारण त्याची किंमत ११० च्या वरच्या सर्व वाढीच्या रूपाने मोजलेली असते. तळ ९५ ऐवजी ९८ हवा असेल, तर तो पुट महाग पडतो, आणि तेवढा प्रीमियम मिळवण्यासाठी कॉलची स्ट्राइक ११० च्या खाली आणावी लागते.

हा हिशेब जुन्या खरेदीभावावर मांडू नये. शेअर ६० ला घेतला होता म्हणून ११० ला देण्यात ५० चा नफा दिसतो खरा, पण १०० पर्यंतची वाढ आधीच तुमची होती. सौदा ठरतो तो आजच्या भावावरून.

मुदतीच्या मध्येच भाव १२५ झाला, तर विकलेल्या कॉलवर किमान १२ चा तोटा खात्यात दिसतो आणि घाबरून अनेकजण तो परत विकत घेतात. त्याच वेळी शेअरवर २५ चा नफा असतो, हे त्यांच्या नजरेतून सुटते. कॉल परत घेतल्यावर तोटा पक्का होतो आणि त्यानंतर भाव कोसळला, तर शेअरचा नफाही हातचा जातो. म्हणून शेअर, कॉल आणि पुट यांची बेरीज एकत्रच पाहावी, तसेच पुटची मुदत कॉलच्या आधी संपत नाही ना आणि दोन्हींतील शेअरसंख्या तुमच्याकडील शेअरइतकीच आहे ना, हे सौदा करण्यापूर्वी तपासावे.